दर पावसाळ्यात निफ्टी फ्युचर्स 'स्वस्त' का दिसतात?

जून संपत आला की बाजाराच्या वाहिन्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "निफ्टीचं प्रीमियम आटलंय, पुढच्या महिन्याचे फ्युचर्स जेमतेम स्पॉटच्या वर आहेत, म्हणजे मोठे खेळाडू मंदीत आहेत." मी हे वाक्य बरीच वर्षं मान डोलावत ऐकलं. इतकंच नाही, तर पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी त्यावर एक अख्खं प्रकरण लिहून काढलं. निफ्टी फ्युचर्सची रोजची किंमत घ्यायची, तिची 'रास्त किंमत' काढायची, आणि दोघांत फरक कधी पडतो, किती पडतो, किती दिवस टिकतो ते बघायचं, असं ते काम होतं. माझ्या आकडेमोडीत दर वर्षी जून-जुलैमध्ये फ्युचर्स रास्त किमतीच्या बरेच खाली निघायचे. मला वाटलं, सापडलं घबाड. दर वर्षी ठरलेल्या वेळी बाजार चुकतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही!

आमच्या गाईड मॅडमनी आलेख पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आलेखाला पावसाळा आहे. बाजाराला असतो का?"

चूक बाजाराची नव्हती, माझीच होती. ती शोधताना रास्त किंमत म्हणजे नक्की काय, हे मला पहिल्यांदा नीट कळलं. ते आज सांगते.

रास्त किंमत म्हणजे भाकीत नव्हे

आधी एक गैरसमज बाजूला करू. जुलै अखेरच्या फ्युचर्सची किंमत म्हणजे 'जुलै अखेरीस निफ्टी कुठे असेल याचा बाजाराचा अंदाज' असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. ही किंमत भविष्यापेक्षा व्याजाच्या हिशोबाशी जास्त बांधलेली असते.

समजा, 31 जुलैला तुमच्या हातात निफ्टीतले पन्नास शेअर्स, त्यांच्या त्यांच्या वजनानुसार, असायला हवेत. दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता: आजच पैसे उसने घेऊन शेअर्स घ्या आणि 31 जुलैपर्यंत सांभाळा. मधल्या काळात व्याज भराल, पण शेअर्स तुमच्या नावावर असल्यामुळे जो लाभांश जाहीर होईल तो तुम्हाला मिळेल. दुसरा रस्ता: आज फ्युचर्स घ्या. पूर्ण पैसे आज द्यावे लागत नाहीत, म्हणजे व्याज वाचलं. पण शेअर्स तुमचे नाहीत, म्हणजे लाभांशही नाही. दोन्ही रस्ते 31 जुलैला एकाच जागी पोचतात, तर दोघांचा खर्चही सारखाच यायला हवा. म्हणून:

```
F = S × (1 + r × T/365) − D
```

`S` म्हणजे आजचा निर्देशांक, `r` वार्षिक व्याजदर, `T` एक्स्पायरीपर्यंतचे दिवस, आणि `D` म्हणजे त्या दिवसांत पडणारा लाभांश, निर्देशांकाच्या अंकांत मोजलेला. (लाभांश हातात आल्यावर उरलेल्या दिवसांचं त्यावरचं व्याज मी सोडून दिलंय. महिन्याभराच्या हिशोबात ते अंकाच्या एखाद्या भागाइतकंच असतं.)

या सूत्रात निफ्टी वर जाईल की खाली, याबद्दल एक अक्षर नाही, हे बघा.

दलाल स्ट्रीटवर आयुष्य काढलेल्या एका ओळखीच्या काकांना मी हे सांगितलं, तेव्हा ते हसले. "अगं, हा तर बदला!" खरंच आहे. 2001च्या जुलैमध्ये बंद होईपर्यंत मुंबई शेअर बाजारात बदला चालायचा. घेतलेल्या शेअर्सचे पैसे आत्ता द्यायचे नसतील, तर सौदा पुढच्या खेपेला ओढायचा आणि पैसे लावणाऱ्याला बदल्याचं व्याज द्यायचं. फ्युचर्सचं प्रीमियम म्हणजे तेच व्याज, फक्त आधीच किमतीत घातलेलं. काकांच्या शब्दकोशात 'उंधा बदला' असाही एक शब्द होता. त्याकडे नंतर येते.

माझी चूक: वर्षाला बाराने भागणं

सूत्रात `S` पडद्यावर दिसतो, `T` कॅलेंडरवर. व्याजदर थोडा वादाचा, पण साधारण माहीत असतो. खरी अडचण `D`ची. पाठ्यपुस्तकात ती सोडवायची सोपी युक्ती असते: निर्देशांकाचं वार्षिक लाभांश-उत्पन्न घ्या, ते वर्षभर थेंब थेंब ठिबकतंय असं समजा, आणि जितके दिवस तितका भाग वजा करा. निफ्टीचं हे उत्पन्न अलीकडच्या वर्षांत सव्वा टक्क्याच्या आसपास राहिलंय. राष्ट्रीय शेअर बाजार ते रोज छापतो. मी तेच उचललं आणि पुढे गेले.

पण लाभांश ठिबकत नाही, कोसळतो. आपल्याकडे कंपन्यांचं आर्थिक वर्ष मार्चला संपतं. एप्रिल-मेमध्ये निकाल लागतात, अंतिम लाभांश सुचवला जातो, मग वार्षिक सभा आणि तिच्या आगेमागे एक्स-डेट. त्यामुळे वर्षाच्या लाभांशाचा मोठा वाटा मेअखेर ते ऑगस्ट या काळात पडतो. डिसेंबरच्या फ्युचर्समधून मी गरजेपेक्षा जास्त लाभांश वजा करत होते, जुलैच्या फ्युचर्समधून फारच कमी.

अमेरिकेतल्या निर्देशांकावर ही युक्ती बरी चालते, कारण तिथल्या बहुतेक कंपन्या दर तिमाहीला लाभांश देतात. आपल्याकडे वर्षातून एकदा-दोनदाच देणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. युक्ती चुकीची नाही, ती दुसऱ्या गावची आहे.

26 जून 2025

आता एक खरा दिवस घेऊ. 26 जून 2025, गुरुवार. जूनच्या निफ्टी फ्युचर्सची त्या दिवशी एक्स्पायरी होती. जुलैच्या फ्युचर्सची 31 जुलैला, म्हणजे 35 दिवस पुढे. निफ्टी साधारण 25,500वर होता (बंद थोडा वर झाला, पण हिशोबाला सोपा आकडा धरते).

एचडीएफसी बँकेने 22 रुपये लाभांश जाहीर केला होता आणि त्याची तारीख होती 27 जून. म्हणजे जूनची एक्स्पायरी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. जूनच्या फ्युचर्सवर त्याचा शून्य परिणाम, जुलैच्या फ्युचर्सवर पूर्ण. एका दिवसाचा फरक.

हे 22 रुपये निर्देशांकाच्या किती अंकांइतके? शेअर तेव्हा 2,000 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे लाभांश किमतीच्या 1.1 टक्के. निफ्टीत बँकेचं वजन साधारण 13 टक्के. 1.1 टक्क्याचे 13 टक्के म्हणजे 0.143 टक्का, आणि 25,500चा तेवढा भाग म्हणजे सुमारे 36 अंक. एका कंपनीचा, एका दिवसाचा लाभांश!

माझ्या जुन्या पद्धतीत काय व्हायचं बघा. वर्षाला 1.3 टक्के उत्पन्न, 35 दिवस: 25,500चा हिशोब केला तर सगळ्या पन्नास कंपन्यांचा मिळून लाभांश निघतो सुमारे 32 अंक. एकट्या एचडीएफसी बँकेचे 36 आहेत आणि मी सगळ्यांचे मिळून 32 धरतेय.

जुलैमध्ये इतरही बऱ्याच कंपन्यांच्या तारखा असतात. सगळे मिळून `D` 90 अंक समजू. हा आकडा उदाहरणासाठी घेतलाय, पण अशक्य कोटीतला नाही. व्याजदर 6 टक्के धरू. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर तेव्हा 5.50 टक्के होता, बाजारात पैसे उभे करणाऱ्याला त्याच्या थोडं वर पडणार. 35 दिवसांचं व्याज होतं सुमारे 147 अंक.

माझ्या जुन्या पद्धतीने रास्त किंमत: 25,500 + 147 − 32 = 25,615.
लाभांशाच्या खऱ्या तारखांप्रमाणे: 25,500 + 147 − 90 = 25,557.

दोन्हींत 58 अंकांचा फरक. आता समजा, जुलैचे फ्युचर्स बाजारात 25,545ला मिळतायत. जुन्या पद्धतीने ते 70 अंक स्वस्त, नव्या पद्धतीने जेमतेम 12. वाहिनीवरचा माणूस मात्र 'व्याजाचे 147 अंक असायला हवेत आणि प्रीमियम 45च आहे' असं म्हणून मंदीचा निष्कर्ष काढून मोकळा.

हा घोळ ओळखायचा एक चांगला मार्ग आहे, आणि तो मी आधी वापरला असता तर एक वर्ष वाचलं असतं. रास्त किंमत काढण्याऐवजी सूत्र उलटं फिरवायचं आणि बाजाराच्या किमतीत कोणता व्याजदर दडलाय ते काढायचं:

```
r = ((F + D)/S − 1) × 365/T
```

25,545ला हा दर माझ्या 32 अंकांनी निघतो 3.1 टक्के, आणि 90 अंकांनी 5.5 टक्के. रेपो दर साडेपाच टक्के असताना भलेमोठे खेळाडू एकमेकांना 3.1 टक्क्यांनी पैसे वापरायला देतायत, हे पटतं का? अंकांत बघितलं तर 70चा फरक 'संधी' वाटतो. व्याजात बघितलं तर तोच फरक 'माझं काहीतरी चुकतंय' असं ओरडून सांगतो. तेव्हापासून मी पहिला आलेख नेहमी व्याजदराचा काढते. त्यात दर जुलैला खड्डा दिसला, तर लाभांश चुकलाय. दर मार्चअखेरीस उंचवटा दिसला, तर ती गोष्ट वेगळी. वर्षअखेरीला पैसा खरोखरच महाग होतो.

किंमत खरंच चुकली तर?

आता उलट प्रसंग घेऊ. समजा, जुलैचे फ्युचर्स 25,700ला चालले आहेत. रास्त किंमत 25,557, म्हणजे 143 अंक महाग. काय करायचं?

25,500 उसने घ्या, शेअर्सची पूर्ण टोपली विकत घ्या, आणि त्याच क्षणी 25,700ला फ्युचर्स विका. मग स्वस्थ बसा. 31 जुलैला निफ्टी 26,500ला बंद झाला, तर फ्युचर्समध्ये 800 गेले, शेअर्स 26,500ला विकले. बेरीज 25,700. निफ्टी 24,000ला बंद झाला, तर फ्युचर्समध्ये 1,700 मिळाले, शेअर्स 24,000ला गेले. बेरीज पुन्हा 25,700. शिवाय मधल्या काळात लाभांशाचे 90 मिळाले. एकूण 25,790, त्यातून कर्ज आणि व्याज 25,647 फेडलं. उरले 143. बाजार कुठेही जावो.

यालाच कॅश अँड कॅरी म्हणतात, आणि हे करणारे लोक असल्यामुळेच फ्युचर्स फार महाग राहू शकत नाहीत. ते फ्युचर्स विकतात, शेअर्स घेतात, आणि फरक मिटतो.

पण 143 अंक खिशात पडत नाहीत. प्रत्यक्ष डिलिव्हरीचे शेअर्स घेताना 0.1 टक्का आणि विकताना पुन्हा 0.1 टक्का रोखे व्यवहार कर, म्हणजे एसटीटी, लागतो. 25,500वर ते झाले 51 अंक. खरेदीवर मुद्रांक शुल्क 0.015 टक्का, म्हणजे जवळपास 4 अंक. फ्युचर्स विकताना एसटीटी 0.02 टक्का (ऑक्टोबर 2024 पासूनचा दर, या उदाहरणाच्या वेळी हाच होता), म्हणजे 5 अंक. दलाली आणि खरेदी-विक्रीच्या भावातला फरक यांचे अगदी हात राखून 5 धरले, तरी एकूण 65 अंक. उरले 78. तेव्हा निफ्टीचा लॉट 75चा होता. म्हणजे 19 लाख रुपयांच्या सौद्यावर साधारण 5,850 रुपये.

म्हणजे रास्त किंमत ही एक रेघ नाही, पट्टा आहे. वरची कड 25,557 अधिक 65, म्हणजे 25,622. किंमत या कडेच्या आत असेल तोवर कॅश अँड कॅरी करण्यात कुणाला रस नाही. फ्युचर्स 30 अंक महाग असणं म्हणजे बाजार अकार्यक्षम असणं नव्हे. त्या 30 अंकांना उचलायला वाकण्याचा खर्च 65 आहे, इतकंच.

इथे माझ्या मैत्रिणीने विचारलेला प्रश्न रास्त आहे: मग आर्बिट्राज फंड जगतात कसे? 65 अंक 35 दिवसांत म्हणजे वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त खर्च झाला! त्याचं उत्तर असं, की ते शेअर्स दर महिन्याला विकत नाहीत. एक्स्पायरी जवळ आली की जुने फ्युचर्स मिटवून पुढच्या महिन्याचे विकतात आणि शेअर्स तसेच ठेवतात. शेअर्सवरचा एसटीटी एकदाच लागतो आणि अनेक महिन्यांवर पसरतो. (शिवाय त्यांचा बराचसा धंदा निर्देशांकात नसून एकेका शेअरच्या फ्युचर्समध्ये असतो. तिथे पन्नास शेअर्सची टोपली सांभाळावी लागत नाही.) त्यामुळे पट्टा सगळ्यांसाठी एकाच रुंदीचा नसतो. नव्याने शिरणाऱ्याला 65 अंक लागतात, आधीच आत असलेल्याला कितीतरी कमी. बाजारातली किंमत बहुतेक वेळा या दुसऱ्या माणसाच्या पट्ट्यात असते, आणि पहिला माणूस 'संधी का मिळत नाही' म्हणून चुकचुकत बसतो.

हे वाचून कुणी घरच्या घरी एक लॉट करून बघायच्या विचारात असेल, तर दोन अडचणी सांगते. 19 लाखांत पन्नास शेअर्स त्यांच्या वजनात घ्यायचे तर अपूर्णांक आडवे येतात. मारुतीचा एक शेअर तेव्हा 12,000च्या वर होता आणि त्याच्या वाट्याला येत होते जेमतेम 25,000 रुपये. म्हणजे एक घ्या किंवा दोन, मधलं काही नाही. असे पाच-सहा शेअर्स झाले की तुमची टोपली निफ्टीपासून भरकटते, आणि 78 अंकांचा नफा त्या भरकटण्यात बुडू शकतो. निफ्टीचा ईटीएफ घेतला तर हा प्रश्न मिटतो, करही नगण्य लागतो. पण ईटीएफचा बाजारभाव स्वतःच निर्देशांकापासून काही अंक इकडे-तिकडे असतो, आणि त्या भावाला हवी तेवढी युनिट्स मिळतीलच असं नाही.

दुसरी अडचण जास्त चावते. फ्युचर्सचा हिशोब रोज संध्याकाळी रोखीत होतो. निफ्टी 5 टक्के चढला तर विकलेल्या एका लॉटवर सुमारे 95,000 रुपये लगेच भरावे लागतात. शेअर्स तितकेच वाढलेले असतात, पण कागदावर. एकूण हिशोबात तुम्ही सुरक्षित असता आणि तरी खात्यात पैसे नसतात. ज्याला 'जोखीम नसलेला' सौदा म्हणतात, तो सर्वांत जास्त वेळा इथेच मोडतो.

खालची कड मऊ का असते

आता काकांच्या उंध्या बदल्याकडे येते. सरळ बदल्यात घेणारा व्याज द्यायचा. पण बाजारात विकून बसलेले जास्त झाले आणि शेअर्सचीच टंचाई आली, की पारडं फिरायचं. शेअर्स द्यायचे टाळणारा विक्रेताच उलट पैसे मोजायचा. तो उंधा बदला.

फ्युचर्स खरोखर स्वस्त झाले, लाभांश नीट धरूनही, तर सौदा उलटा करायचा असतो: शेअर्सची टोपली विकायची, आलेले पैसे व्याजाने लावायचे, फ्युचर्स घ्यायचे. कागदावर अगदी आरशातलं प्रतिबिंब. पण विकायला टोपली हवी ना! नसलेले शेअर्स आपल्याकडे दिवसाच्या आतच विकता येतात, संध्याकाळपर्यंत परत घ्यावे लागतात. महिनाभर विकून बसायचं तर शेअर्स उसने घ्यावे लागतात. तशी सोय 2008 पासून आहे, पण तिथला व्यवहार आजही विरळ आहे. पन्नासच्या पन्नास शेअर्स, हव्या त्या मुदतीला, हव्या त्या संख्येने आणि परवडणाऱ्या भाड्याने मिळणं अवघड.

मग उलटा सौदा कोण करू शकतं? ज्याच्या कपाटात टोपली आधीच आहे तो. एखादी मोठी संस्था आपले शेअर्स विकून त्याऐवजी फ्युचर्स धरू शकते आणि मोकळे झालेले पैसे व्याजाने लावू शकते. तिची बाजारातली स्थिती बदलत नाही, वर काही अंक मिळतात. पण प्रत्येक संस्थेचे नियम, करांचा हिशोब, 'शेअर्स विकले' हे वरिष्ठांना समजावण्याचा त्रास, हे सगळं आड येतं. त्यामुळे वरच्या कडेला जशी रांग लागते तशी खालच्या कडेला लागत नाही. प्रीमियमला टणक छत आहे, डिस्काउंटला मऊ जमीन. घबराटीच्या दिवसांत जो तो संरक्षणासाठी फ्युचर्स विकायला धावतो, तेव्हा ही जमीन खचते आणि भरून यायला वेळ लागतो.

म्हणजे स्वस्ताई कधी खरीही असू शकते! म्हणूनच माझी चूक मला इतकी खरी वाटली होती. मी वाचलेल्या सगळ्या लेखांत 'उलटा सौदा अवघड असल्याने फ्युचर्स स्वस्त राहू शकतात' असं कारण तयार होतं. माझा 70 अंकांचा खड्डा त्या कारणात अगदी चपखल बसत होता. फक्त एकदा सौदा शेवटपर्यंत करून बघायला हवा होता. 25,500ला टोपली विकली, 147 अंक व्याज मिळवलं, 25,545ला फ्युचर्स घेतले म्हणून एक्स्पायरीपर्यंत 45 अंक गेले, आणि टोपली हातात नसल्याने 90 अंकांचा लाभांश हुकला. उरले 12, आणि खर्च 65. निव्वळ 53 अंकांचा तोटा. माझ्या प्रकरणात हाच सौदा 5 अंक नफ्याचा लिहिला होता.

लाभांश आधी कळतो का?

मी हिशोब सुधारला. वार्षिक उत्पन्न फेकून दिलं, प्रत्येक कंपनीची एक्स-डेट, रक्कम आणि त्या दिवशीचं वजन घेऊन `D` बांधला. खड्डा जवळजवळ भरला. मग मॅडमनी पुढचा प्रश्न टाकला: "हे सगळं तुला आज माहीत आहे. 26 जूनला सौदा करणाऱ्याला माहीत होतं का?"

अंतिम लाभांश बहुतेकदा माहीत असतो, कारण तो मे महिन्यात निकालाबरोबर जाहीर झालेला असतो. पण अंतरिम आणि विशेष लाभांशाचं तसं नाही. याच उदाहरणात बघा: 19 जुलै 2025ला एचडीएफसी बँकेने 5 रुपयांचा विशेष अंतरिम लाभांश जाहीर केला, तारीख 25 जुलै. जुलैच्या फ्युचर्सच्या मुदतीतच. त्याच रीतीने मोजला तर साधारण 8 अंक. 26 जूनला हे 8 अंक कुणाच्याही सूत्रात नव्हते. ज्यांनी शेअर्स घेऊन फ्युचर्स विकले होते, त्यांना ते न मागता मिळाले. ज्यांनी शेअर्स विकून फ्युचर्स घेतले होते, त्यांचे तेवढे गेले. म्हणजे 'जोखीम नसलेल्या' सौद्यातही लाभांशाची एक छोटी पैज लपलेली असते, आणि दोन बाजूंना ती उलट सुलट लागते.

शिवाय `D` सगळ्यांसाठी एक नाही. एप्रिल 2020 पासून लाभांशावरचा कर कंपनी भरत नाही, मिळवणारा भरतो. म्युच्युअल फंडाला 90चे 90 मिळतात. ज्या परदेशी संस्थेचा 20 टक्के कर कापला जातो, तिच्या हातात 72च येतात. तिच्या दृष्टीने रास्त किंमत 18 अंक वर. मग अशा संस्थेने शेअर्स धरण्याऐवजी फ्युचर्स धरणंच फायद्याचं ठरू शकतं, विशेषतः लाभांशाच्या मोसमात, कारण फ्युचर्सच्या किमतीतून लाभांश जवळजवळ पूर्ण वजा झालेला असतो. 'रास्त किंमत किती?' या प्रश्नाला 'कुणासाठी?' असं विचारल्याशिवाय उत्तर नाही.

आता माझ्या आलेखात पट्ट्याबाहेर मोजकेच दिवस उरलेत. त्यातले काही घबराटीचे, ते अपेक्षितच होते. पण काही दिवस असे होते, की ना मोठी बातमी, ना मोठा लाभांश, आणि तरी 40-50 अंकांचा फरक. गेल्या महिन्यात त्यांचाही पत्ता लागला. निफ्टीचा 'बंद' आकडा पन्नास शेअर्सच्या शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरी भावांवरून काढतात. मी फ्युचर्सची मात्र शेवटच्या सौद्याची किंमत घेत होते. साडेतीनच्या आधीच्या अर्ध्या तासात बाजार जोरात हलला, की एका बाजूला सरासरी आणि दुसऱ्या बाजूला शेवटचा क्षण. दोन वेगवेगळ्या वेळांची तुलना करून मी त्याला चुकलेली किंमत म्हणत होते. आता दोन्हीकडे एकाच मिनिटाचे भाव घेऊन सगळं पुन्हा चालवतेय. तीन वर्षांचं झालंय, नऊ बाकी आहेत.